श्वास मोजून भागत नाही तेव्हा

गडचिरोली जिल्ह्याने बालमृत्यूंच्या अभ्यासात देशाला दोन गोष्टी शिकवल्या. पहिली न्यूमोनियाची. 'सर्च' संस्थेच्या डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८८ पासून गावातल्या दायांना आणि आरोग्यसेवकांना बाळाचे श्वास मोजायला शिकवले. ज्यांना साठपर्यंत आकडे मोजता येत नव्हते त्यांच्यासाठी मण्यांचे साधे यंत्र केले. एका मिनिटाची वाळू पडत असताना दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. ठरलेल्या मण्यापर्यंत पोचले की न्यूमोनिया समजून औषध सुरू करायचे. दुसरी गोष्ट नवजात बाळाच्या घरातल्या काळजीची. ३९ गावांतल्या त्या प्रयोगात नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला आणि २०११ पासून देशभरातल्या आशा बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी जाऊ लागल्या.

त्यानंतरच्या वर्षांत जिल्हा रुग्णालयांत नवजात शिशू अतिदक्षता कक्ष आले, सरकारी वैद्यकीय महाविद्यालये आली. पूर्वी जी बाळे पहिल्या आठवड्यातच जात, त्यांतली बरीच आता वाचतात. सातव्या महिन्यात जन्मलेले, किलोभर वजनाचे बाळही दोन-अडीच महिने रुग्णालयात काढून घरी येते. त्यातल्या काही बाळांची फुप्फुसे मात्र तेव्हाही पुरती तयार नसतात. त्यांना घरी गेल्यावरही काही महिने नाकावाटे थोडा ऑक्सिजन लागतो. या बाळांसाठी श्वास मोजण्याचा जुना नियम अपुरा पडतो आणि त्याच्या जागी काय वापरायचे हे गावपातळीवर अजून ठरलेले दिसत नाही. ते ठरवण्याची वेळ आली आहे.

या आजाराचे नाव ब्रॉन्कोपल्मनरी डिस्प्लेसिया, थोडक्यात बीपीडी. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या विल्यम नॉर्थवे आणि सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये त्याचे पहिले वर्णन केले. त्यांनी पाहिलेली बाळे आजच्या मानाने मोठी होती. कृत्रिम श्वासाच्या यंत्राचा दाब आणि भरमसाट ऑक्सिजन यांनी त्यांच्या फुप्फुसांवर व्रण पडले होते. आज यंत्रे सौम्य झाली आहेत, फुप्फुसे उघडी ठेवणारे सर्फॅक्टंट हे औषध मिळते, श्वास विसरू नये म्हणून कॅफीन देतात. त्यामुळे तसे व्रण कमी दिसतात. पण आता वाचणारी बाळे फार लवकर जन्मलेली असतात आणि त्यांच्या आजाराचे स्वरूपही बदलले आहे.

पूर्ण दिवसांच्या बाळाच्या फुप्फुसात हवेचे बारीक कप्पे, म्हणजे वायुकोश, गर्भारपणाच्या शेवटच्या आठवड्यांत बनू लागतात आणि त्यातले बहुतेक जन्मानंतरच्या दोन-तीन वर्षांत बनतात. २८ व्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाला हे काम गर्भाबाहेर करावे लागते. ऑक्सिजन, यंत्राचा दाब, जंतुसंसर्ग आणि कमी पोषण यांच्या माऱ्यात ते अडखळते. कप्पे थोडे आणि मोठे राहतात, त्यांच्याभोवतीच्या रक्तवाहिन्याही कमी बनतात. डॉक्टर साधारणपणे असे ठरवतात: २८ दिवस ऑक्सिजन लागला तर बीपीडी, आणि गर्भाचे वय धरून ३६ आठवडे पूर्ण होतानाही लागत असेल तर तो मध्यम किंवा तीव्र. पाश्चात्त्य देशांच्या नोंदींत २८ आठवड्यांच्या आसपास किंवा त्याआधी जन्मून वाचलेल्या बाळांपैकी सुमारे ४० टक्क्यांना हा आजार दिसतो.

या आजाराची आशेची बाजू अशी की वायुकोश बनण्याचे काम थांबलेले नसते, मंदावलेले असते. ते पुढे सरकायचे तर बाळाचे वजन वाढले पाहिजे, वारंवार संसर्ग होता कामा नये आणि रक्तातला ऑक्सिजन पुरेसा राहिला पाहिजे. तो सतत कमी राहिला तर फुप्फुसाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदयाच्या उजव्या कप्प्यावर ताण येतो. बाळ दूध ओढताना दमते, पोटात गेलेले बरेचसे श्वास घेण्यातच खर्च होते, आणि वजन वाढत नाही. घरचा ऑक्सिजन या फेऱ्यातून बाळाला बाहेर ठेवतो. फुप्फुस वाढेपर्यंत वेळ मिळवून देणे एवढेच त्याचे काम आहे.

सावली तालुक्याचे उदाहरण घेऊन हे पाहता येईल. सावली चंद्रपूर जिल्ह्यात आहे, पण व्याहाडच्या पुढे वैनगंगेचा पूल ओलांडला की गडचिरोली. चंद्रपूर त्यामानाने लांब पडते. समजा, या तालुक्यातल्या एका गावातली बाई धानाच्या रोवणीच्या दिवसांत अठ्ठावीस आठवड्यांची असतानाच बाळंत झाली. बाळ एक किलोचे. काही दिवस श्वासाचे यंत्र, मग नाकातून दाबाने हवा देणारे सीपॅप, मग साधी नळी. आठ आठवडे झाले, म्हणजे ३६ आठवड्यांचा टप्पा आला, तरी ऑक्सिजन सुटला नाही. आणखी दोन आठवड्यांनी बाळाचे वजन दोन किलोच्या घरात आले, ते तोंडाने दूध घेऊ लागले, श्वास थांबण्याचे प्रसंग बंद झाले. नळीतून मिनिटाला पाव लिटर ऑक्सिजन दिला की पल्स ऑक्सिमीटरवर ९५ टक्के दिसतात. नळी काढून झोपवले की आकडा ८६ पर्यंत उतरतो.

आता या बाळाचे काय करायचे? एक वाट म्हणजे ऑक्सिजन सुटेपर्यंत त्याला कक्षातच ठेवणे. त्यात खाट महिनोन्महिने अडते, बाळाला रुग्णालयातल्या जंतूंचा धोका राहतो, आईची मजुरी बुडते आणि घरची मोठी मुले आजीच्या भरवशावर राहतात. दुसरी वाट, जागेपणीचा आकडा बरा दिसतो म्हणून नळी काढून घरी पाठवणे. ही सर्वांत वाईट, कारण आकडा झोपेत आणि दूध पिताना उतरतो आणि तेव्हा कोणी पाहत नसते. तिसरी वाट घरच्या ऑक्सिजनची. अमेरिकेच्या थोरॅसिक सोसायटीने २०१९ च्या शिफारशींत रक्तातला ऑक्सिजन सतत कमी राहणाऱ्या बीपीडीच्या बाळांना घरी ऑक्सिजन द्यावा असे सांगितले आहे. ब्रिटनमध्ये तो देताना आकडा ९३ किंवा त्याहून वर ठेवतात.

घरचा ऑक्सिजन म्हटले की कोविडच्या दिवसांतले मोठे सिलिंडर डोळ्यांसमोर येतात. बाळाची गरज मात्र फार लहान असते. पाव लिटर मिनिटाला म्हणजे तासाला १५ लिटर आणि दिवसाला ३६० लिटर. साधारण दीड हजार लिटर ऑक्सिजन मावणारा मध्यम सिलिंडर, ज्याला बी टाइप म्हणतात, तो या बाळाला शंभर तास, म्हणजे चार दिवसांहून थोडा जास्त पुरतो. हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारे कॉन्सन्ट्रेटर हे यंत्र असेल तर सिलिंडर फक्त वीज गेल्यावर लागतो. पावसाळ्यात गावाची वीज दोन दिवस गेली तरी तेवढ्याने निभावते.

हे कॉन्सन्ट्रेटर २०२१ च्या दुसऱ्या लाटेत ग्रामीण रुग्णालयांत आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत मोठ्या संख्येने आले. त्यामुळे यंत्र मिळवणे ही आता मोठी अडचण नसावी. अडचणी चार आहेत आणि चारही लहान दिसतात.

पहिली प्रवाह मोजण्याची. मोठ्यांसाठीच्या यंत्राचा काटा मिनिटाला पाच लिटरपर्यंत जातो आणि त्यावरची सर्वांत खालची रेघ बहुधा अर्ध्या लिटरची असते. बाळाला पाव लिटर द्यायचा तर तो अंदाजाने द्यावा लागतो. त्यासाठी एक लिटरच्या आतले बारीक भाग दाखवणारा लहान मुलांचा फ्लोमीटर लागतो आणि बाळाच्या नाकाला बसणारी नळी लागते. यंत्राच्या किमतीच्या मानाने या दोन्ही वस्तू किरकोळ आहेत. फ्लोमीटर नसला तर बाळाला कमी ऑक्सिजन मिळतो किंवा जास्त मिळतो. जास्त मिळणेही निरुपद्रवी नाही. दृष्टिपटलाच्या रक्तवाहिन्या अजून पूर्ण झालेल्या नसतील तर जादा ऑक्सिजनने त्यांना इजा होते. म्हणून अशा बाळाची डोळ्यांची तपासणी महिन्याच्या आत सुरू होऊन डॉक्टरांनी सांगेपर्यंत चालू राहावी लागते.

दुसरी अडचण विजेच्या बिलाची. पाच लिटरचे यंत्र साधारण साडेतीनशे वॉट वीज घेते. चोवीस तास चालले तर दिवसाला ८.४ युनिट, महिन्याला सुमारे २५० युनिट. सरासरी आठ रुपये युनिट धरले तरी दोन हजार रुपये होतात. रोजमजुरीवर चालणाऱ्या घरात हे बिल पाहून यंत्र दिवसा बंद ठेवले जाण्याची शक्यता मोठी आहे आणि त्याचा दोष घरच्यांना देता येणार नाही. जननी-शिशू सुरक्षा कार्यक्रमात एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाला सरकारी रुग्णालयातले उपचार, औषधे आणि वाहतूक मोफत आहे. रुग्णालयाने लिहून दिलेला घरचा ऑक्सिजन हा त्याच उपचाराचा पुढचा भाग मानला तर या विजेचा खर्चही त्यात बसायला हवा. बाळ खाटेवरच राहिले असते तर सरकारला यापेक्षा जास्त खर्च आला असता.

तिसरी अडचण धुराची आणि आगीची. ऑक्सिजन स्वतः पेटत नाही, पण त्याच्या सान्निध्यात ठिणगीचा भडका होतो. नळीजवळ बिडी, उदबत्ती, दिवा, चूल यांपैकी काहीही नको. किमान तीन मीटर अंतर हवे. एका खोलीच्या घरात, जिथे चूल त्याच खोलीत आहे, तिथे हे अंतर कसे राखायचे? शिवाय बाळंतिणीच्या खाटेखाली शेगडी ठेवणे, आंघोळीनंतर बाळाला धुरी देणे या रीती बऱ्याच घरांत अजून पाळल्या जातात. निरोगी बाळालाही धुरी वाईटच. या बाळाच्या बाबतीत धूर फुप्फुसाला सुजवतो आणि निखारा घराला धोका देतो. म्हणून घर न पाहता यंत्र देऊ नये. आशा किंवा परिचारिकेने आधी घरी जाऊन पाहावे, स्वयंपाक ओसरीवर किंवा गॅसवर हलवता येतो का हे आजीशी बोलून ठरवावे. हे जमत नसेल तर सुट्टी थांबवावी, किंवा सावलीत वा गडचिरोलीत एखाद्या नातेवाइकाकडे काही महिने राहता येते का ते पाहावे. प्रत्येक घर घरच्या ऑक्सिजनला योग्य नसते, हेही मान्य करायला हवे.

चौथी अडचण मोजण्याची आहे, आणि इथे पुन्हा गडचिरोलीच्या मण्यांकडे यावे लागते. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला साठ श्वास, त्यानंतर वर्षापर्यंत पन्नास, हा न्यूमोनियाचा उंबरठा आहे. बीपीडीचे बाळ शांत झोपलेले असतानाही पंचावन्न-साठ श्वास घेऊ शकते. चार महिन्यांच्या अशा बाळाला मणी लावले तर रोजच न्यूमोनिया निघेल. दोन-तीनदा उगाच पळापळ झाली की चौथ्या वेळी, खरा न्यूमोनिया असताना, कोणी हलणार नाही. या बाळाची तुलना त्याच्या स्वतःच्या आकड्यांशी करावी लागते. घरी सोडताना कार्डावर ते लिहिलेले हवेत: झोपेत किती श्वास, छाती किती आत ओढली जाते, किती प्रवाहावर किती टक्के ऑक्सिजन, एका वेळी किती दूध. नेहमीपेक्षा दहा-पंधरा श्वास वाढले, दूध निम्म्यावर आले, छाती जास्त ओढू लागली, किंवा आकडा ९० च्या खाली जाऊन तिथेच राहिला, तर कार्डावर सांगितलेल्या मर्यादेपर्यंत प्रवाह वाढवून लगेच निघायचे. ओठ निळे पडले किंवा श्वास थांबला तर १०८ ला फोन.

आकडा मोजायचा तर साधनही बाळाचे हवे. कोविडच्या काळातले बोटाला लावायचे चिमट्याचे ऑक्सिमीटर बाळाच्या बोटाला बसत नाहीत आणि काहीही आकडा दाखवतात. बाळाच्या पायाला गुंडाळायचा प्रोब लागतो. त्यातही बाळ हलत असताना आलेला आकडा धरायचा नाही. नाडीचा आकडा स्थिर झाला की मग वाचायचा. मोजायचे तीनदा: जागेपणी, दूध पिताना आणि गाढ झोपेत. सावळ्या त्वचेवर ही यंत्रे कधी कधी खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतात. ९२ दिसले तर 'ठीकच आहे' म्हणून सोडू नये, एवढे तरी आशाला सांगायला हवे. चंद्रपूर-गडचिरोलीत सिकलसेलही बराच आहे. कमी ऑक्सिजनमध्ये सिकलसेलच्या रक्तपेशी वाकड्या होऊन अडकतात. पहिले काही महिने गर्भातले हिमोग्लोबिन बाळाला सांभाळते, पण ते ओसरण्याचा आणि घरचा ऑक्सिजन कमी करण्याचा काळ नेमका एकच येतो. म्हणून या पट्ट्यात घरी सोडण्याआधी बाळाची सिकलसेल तपासणी झालेली असावी.

ऑक्सिजन सोडवणे हेही पायरीपायरीने होते. वजन नीट वाढत असेल आणि तिन्ही वेळचे आकडे ९३ च्या वर टिकत असतील तर प्रवाह पाववरून अष्टमांश लिटरवर आणतात. पुढे दिवसा काही तास नळी काढून पाहतात. झोपेतला ऑक्सिजन सर्वांत शेवटी सुटतो आणि त्याआधी एक पूर्ण रात्र नळीशिवाय नोंद घेतात. बहुतेक बाळे वर्षभरात मोकळी होतात. घाई केली की पहिली खूण बहुधा वजनाच्या तक्त्यावर दिसते: बाळ हसते-खेळते आहे, पण रेघ आडवी झाली आहे.

नळी सुटली की आजार संपला असे घरच्यांना वाटते आणि सरकारी नोंदवहीतही तो संपतो. फुप्फुसाची गोष्ट मात्र पुढे चालू राहते. पहिल्या दोन वर्षांत साध्या सर्दीच्या विषाणूनेही ही मुले पुन्हा रुग्णालयात जातात. शाळेच्या वयात धावताना मागे पडतात, रात्री खोकतात, छातीतून सू-सू आवाज येतो. पहिल्या सेकंदात जोराने किती हवा बाहेर टाकता येते हे मोजणारी तपासणी साधारण सहाव्या वर्षापासून करता येते. अनेक अभ्यास एकत्र करून २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात हे मोजमाप बीपीडी झालेल्या मुलांत पूर्ण दिवसांच्या मुलांपेक्षा सरासरी १६ ते १९ टक्क्यांनी कमी आढळले. बीपीडी न झालेल्या अपुऱ्या दिवसांच्या मुलांतही ते सात टक्क्यांनी कमी होते. माणसाच्या फुप्फुसाची ताकद विशी-पंचविशीपर्यंत वाढते आणि मग हळूहळू उतरते. ज्याचा चढच कमी झाला, त्याच्या वाट्याला उतारावरचा दम लागणे लवकर येते, आणि चुलीचा धूर किंवा बिडी त्याला आणखी लवकर आणते.

अशा मुलाला गावात बहुधा 'दमेकरी' म्हटले जाते. शालेय आरोग्य तपासणीतही ते श्वसनमार्गाच्या अतिसंवेदनशीलतेच्या रकान्यात जाऊ शकते. पण हा नेहमीचा दमा नव्हे. इथे नळ्या जन्मापासून अरुंद आहेत. ॲलर्जीची सूज हे मुख्य कारण नसते. श्वासनलिका उघडणारा पंप काही मुलांना उपयोगी पडतो, काहींना नाही. तो देऊन फरक पडतो का हे मोजून पाहावे आणि पडत नसेल तर वर्षानुवर्षे स्टेरॉइडचा पंप ओढायला लावू नये. त्यासाठी तपासणाऱ्या डॉक्टरला एकच गोष्ट कळायला हवी: हे मूल किती आठवड्यांनी जन्मले आणि त्याला किती दिवस ऑक्सिजन लागला. आईला विचारले तर ती सांगेल. तक्त्यात तो रकाना असला तर विचारले जाईल.

यासाठी नवी संस्था किंवा नवी योजना लागणार नाही. जिल्हा रुग्णालयाने प्रत्येक बाळाबरोबर फ्लोमीटर, नळ्या, पायाचा प्रोब असलेला ऑक्सिमीटर आणि एक भरलेला सिलिंडर द्यावा आणि बाळ मोकळे झाले की परत घ्यावा. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयाने सिलिंडर भरून देण्याची आणि यंत्राची जाळी साफ करण्याची जबाबदारी घ्यावी. आशाच्या भेटी ४२ व्या दिवसाशी न संपता ऑक्सिजन सुटेपर्यंत दर आठवड्याला व्हाव्यात आणि त्याचा मोबदला तिला वेगळा मिळावा. सावलीसारख्या तालुक्यात आणखी एक गाठ सोडवावी लागेल. बाळ गडचिरोलीच्या रुग्णालयातून सुटते आणि त्याची आशा चंद्रपूर जिल्ह्याच्या यादीवर असते. सुट्टीचा कागद आईच्या पिशवीतून जाण्याऐवजी एका जिल्ह्याच्या रुग्णालयातून दुसऱ्या जिल्ह्याच्या आरोग्य केंद्राला त्याच दिवशी फोनने कळला पाहिजे.

अशी बाळे एका तालुक्यात वर्षाला बोटांवर मोजण्याइतकीच असतील. म्हणूनच ती कोणाच्या उद्दिष्टात बसत नाहीत, आणि म्हणूनच त्यांची सोय करणे परवडण्यासारखे आहे. ज्या बाळाला वाचवायला सरकारी कक्षातल्या परिचारिकांनी सत्तर रात्री जागवल्या, त्याला पाव लिटर मोजणारा काटा नाही म्हणून अर्ध्यावर सोडून देणे कोणत्याही हिशेबात बसत नाही.